दशांशाचा गुणाकार: पॉइंटनंतरचे अंक मोजले तर चार येतात, आन्सर कीमध्ये मात्र एकच. चूक कोणाची?

मुलुंड_वेस्ट
मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिश. क्लासमधून दशांश गुणाकाराचं वर्कशीट आलंय, मागच्या पानावर उत्तरं छापलेली आहेत आणि पालकांनी तपासून सही करून पाठवायचं असतं. शिकवलेली पद्धत आपण सगळे शिकलो तीच, म्हणजे पॉइंट बाजूला ठेवून साधा गुणाकार करायचा, मग दोन्ही संख्यांमध्ये पॉइंटनंतर किती अंक आहेत ते मोजून त्यांची बेरीज करायची आणि उत्तरात उजवीकडून तेवढे अंक मोजून पॉइंट द्यायचा.

३.४ × १.२ = ४.०८ जुळलं. ०.०३ × ०.२ = ०.००६ पण जुळलं, तिथे तिने पुढे शून्य भरून बरोबर तीन अंक केले. १.२ × ०.३५ चं तिचं उत्तर ०.०४२, कीमध्येही ०.०४२.

अडलंय ते ०.१२५ × ०.८ ला. तिचं उत्तर ०.०००१ आणि कीमध्ये ०.१. आता मी मोजलं तर ०.१२५ मध्ये तीन अंक, ०.८ मध्ये एक, म्हणजे चार. मुलीच्या उत्तरात पॉइंटनंतर चार अंक आहेत, कीमध्ये एकच. मग नियमाने मुलगी बरोबर ना? की छापताना चुकलंय? उद्या वही द्यायची आहे आणि मुलगी माझ्याशी वाद घालतेय की मी मोजून दिलंय, तू सही कर.

विरार_फास्ट
ताई की बरोबर आहे. १२५ गुणिले ८ म्हणजे १०००. पॉइंटनंतरच्या शेवटच्या शून्यांना किंमत नसते म्हणून ती काढून टाकलीत, म्हणून एकच अंक दिसतोय. मुलीला सांगा शून्य आधीच काढून टाकायचे म्हणजे मोजायची भानगड कमी होते. मी तर २.५० × ०.४ असं गणित आलं की २.५० चं सरळ २.५ करतो आणि पुढे जातो, कधी चुकलेलं नाही.

गिरगाव_नाका
मुळात मांडणीच चुकत असणार. दशांशात पहिला नियम काय, पॉइंटखाली पॉइंट. ०.१२५ लिहा, त्याच्याखाली ०.८ असं लिहा की पॉइंट एका रेषेत येईल, रिकाम्या जागी शून्य भरा, ०.८००, आणि मग उत्तरातला पॉइंट सरळ खाली उतरवा. आम्हाला गुरुजींनी असंच शिकवलं होतं आणि आजही दुकानातला हिशोब मी तसाच करतो.

मुलुंड_वेस्ट
@गिरगाव_नाका दादा ते बेरजेला ना? गुणाकारात पॉइंट सरळ खाली उतरवला तर ३.४ × १.२ चं ४०.८ होईल.

@विरार_फास्ट तुम्ही म्हणता तसंच तर मुलीने केलंय हो! तिने १००० लिहिले, शेवटचे तीन शून्य खोडले, १ उरला, मग चार स्थळं मोजून ०.०००१ केलं. कच्च्या कामाच्या पानावर स्पष्ट दिसतंय, शून्यांवर आडवी रेघ मारलेली आहे. म्हणजे शून्य आधी काढायचे की नाही?

फळा_खडू
मी परळला महापालिकेच्या शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलंय, ही चूक दर वर्षी पाचसहा वह्यांत सापडायचीच आणि बहुतेक वेळा हुशार मुलांच्याच, कारण त्यांना शून्य खोडायची सवय लागलेली असते.

ताई, तुम्ही कच्चं काम बघितलंत हे फार बरं केलंत, उत्तर तिथेच आहे. १००० हा अजून दशांश अपूर्णांक झालेलाच नाही, तो पूर्ण संख्येतला एक हजार आहे, आणि त्याचे शून्य खोडले तर तो एक होतो. ज्या शून्यांना किंमत नसते ते पॉइंटच्या उजवीकडचे शेवटचे शून्य, आणि पॉइंट तर अजून दिलेलाच नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी १००० पूर्ण लिहायचे, मग उजवीकडून चार स्थळं मोजायची. अंक चारच आहेत म्हणून पॉइंट सगळ्यांच्या अलीकडे येतो, ०.१०००. आता पॉइंट बसला, आता शेवटचे तीन शून्य खुशाल खोडा, ०.१ उरतो. म्हणजे मोजणी चारचीच होती, की छापणाऱ्याने ती पूर्ण करून मग शून्य काढलेत.

का ते मुलीला एकदा दाखवा म्हणजे पाठ करायची गरज राहणार नाही. ०.१२५ म्हणजे १२५ भागिले १०००. ०.८ म्हणजे ८ भागिले १०. गुणाकार केला की वर १२५ × ८ = १०००, खाली १००० × १० = १००००. आपण जे अंक मोजतो ना, ते म्हणजे या खालच्या संख्येतले शून्य. वरती तीन, एक, मिळून चार, आणि १०००० मध्येही चारच शून्य. आता वरचे १००० आणि खालचे १०००० यातले तीन शून्य काढायचे तर दोन्हीकडचे काढावे लागतात, मग १ भागिले १० राहतो. मुलीने वरचे तीन काढले आणि खालचे चारच्या चार ठेवले. म्हणून उत्तर हजारपट लहान झालं.

आणि एक सांगायचं राहिलं ते जास्त महत्त्वाचं आहे. १.२ × ०.३५ ला मुलीचं आणि कीचं दोघांचंही ०.०४२ आहे असं तुम्ही लिहिलंय. ते दोन्ही चूक आहेत.

मुलुंड_वेस्ट
काय सांगता! ते तर जुळलं म्हणून मी बरोबरची खूण पण केली.

फळा_खडू
१२ × ३५ = ४२०. स्थळं एक आणि दोन, तीन. ४२० वर तीन स्थळं म्हणजे ०.४२०, शून्य काढून ०.४२. आता ४२० चा शून्य आधीच खोडून ४२ केले आणि मग तीन मोजले तर काय येतं, ०.०४२. ज्याने की बनवली त्याने इथे तेच केलंय जे मुलीने ०.१२५ ला केलं. म्हणून दोघांची उत्तरं जुळली.

खात्री करायची तर मोजणी सोडा आणि संख्या बघा. ०.३५ ला १.२ ने गुणायचं म्हणजे ०.३५ एकदा आणि वर थोडं आणखी. उत्तर ०.३५ पेक्षा जरा जास्तच यायला हवं. ०.०४२ कसं येईल? आणि ०.१२५ ला ०.८ ने गुणलं तर ०.१२५ पेक्षा थोडंसं कमी यायला हवं, ०.१ बसतं, ०.०००१ बसत नाही.

विरार_फास्ट
ठीक आहे पण माझं २.५० चं २.५ करणं चूक नाही ना? २५ × ४ = १००, दोन स्थळं, १.००. आणि २५० × ४ = १०००, तीन स्थळं, १.०००. दोन्हीकडून १ च येतंय.

फळा_खडू
ते अगदी बरोबर आहे, कारण २.५० मध्ये पॉइंट आधीच दिलेला आहे आणि तुम्ही शून्य काढल्यावर मोजणीही एकने कमी करताय. गणितात दिलेल्या संख्येचा शेवटचा शून्य काढा आणि मग मोजा, चालतं. गुणाकार करून आलेल्या आकड्याचा शून्य काढून मग मोजा, चालत नाही. तुम्ही पहिलं करता, पण वर ताईंना सांगताना "शून्य आधीच काढा" एवढंच लिहिलंत, त्यातून मूल दुसरं ऐकतं. आणि हो, २० × ०.३ असेल तर २० चा शून्य मात्र हातही लावायचा नाही, तिथे पॉइंटच नाही.

मुलुंड_वेस्ट
मॅडम/सर, मला एक सांगा, असा शून्य कुठल्या गणितात येणार हे आधी कळतं का? म्हणजे मी पुढचं वर्कशीट तपासताना नेमक्या त्याच गणितांवर बोट ठेवीन, सगळी तीस गणितं पुन्हा करत बसायला रात्री वेळ नसतो हो, साडेसातच्या पुढे घरी पोचते.

फळा_खडू
कळतं. दोन्ही संख्यांचा शेवटचा अंक बघा. शून्य सोडून कुठल्या दोन अंकांच्या गुणाकाराच्या शेवटी शून्य येतं? एकीकडे ५ आणि दुसरीकडे सम अंक असेल तरच. ०.१२५ च्या शेवटी ५ आणि ०.८ चा ८. ०.३५ चा ५ आणि १.२ चा २. ३.४ × १.२ मध्ये ४ आणि २, शून्य येऊच शकत नाही, म्हणून तिथे मोजलेली स्थळं आणि उत्तरातली स्थळं तंतोतंत जुळतात. अर्थात २.५० सारखी संख्या दिलेलीच असेल तर तिचा शून्य आधी काढून मग शेवटचा अंक बघायचा.

म्हणजे तीस गणितांतली फक्त ५ आणि सम अंकाची गणितं, आणि २० सारखी शून्याने संपणारी पूर्ण संख्या असलेली गणितं वेगळी काढा. बाकीच्यांत नुसती स्थळं मोजून पॉइंट तपासता येईल. पॉइंटच फक्त, गुणाकार चुकला असेल तर तो यात कळणार नाही.

मुलुंड_वेस्ट
हे फार कामाचं सांगितलंत. आत्ताच पाहिलं, या पानावर अशी सहा गणितं आहेत आणि त्यातलं आणखी एक कीमध्ये चुकलंय, ०.५ × ०.०६ चं ०.००३ छापलंय. ३०, तीन स्थळं, ०.०३० यायला हवं, म्हणजे ०.०३. बरोबर ना?

फळा_खडू
बरोबर. ०.०६ चं अर्धं ०.०३.

शिवडीकर
धागा उशिरा बघितला. मी एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो, सुरुवातीची वर्षं आमच्याकडे कॅल्क्युलेटर नव्हता, स्लाइड रूल होती. तरुण मंडळींनी बघितली नसेल, लाकडी पट्टीत सरकणारी पट्टी. तिच्यावर गुणाकार केला की नुसते अंक मिळायचे, पॉइंट नाही. ०.४८ × ०.०५२ करा नाहीतर ४८ × ५.२ करा, रेघ एकाच जागी यायची, अडीचच्या जराशी अलीकडे. आता ते अडीच की अडीचशे की ०.०२५, ते पट्टी सांगत नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि तिथे पॉइंट चुकला तर बुश दहापट बारीक निघतो, म्हणून साहेब आधी विचारायचे, अंदाजे किती येईल ते बोल, मग पट्टीला हात लाव.

माझं म्हणणं, मुलांना आधी हा अंदाज शिकवा. ०.४८ म्हणजे जवळजवळ अर्धा. ०.०५२ चा अर्धा ०.०२६. मग उत्तर त्याच्या थोडं खाली. आता ४८ × ५२ = २४९६ हे अंक घ्या आणि पॉइंट असा ठेवा की ०.०२६ च्या जवळ जाईल, ०.०२४९६. स्थळं मोजावीच लागली नाहीत. मोजून बघा, दोन आणि तीन पाच, बरोबर पाच आहेत. पण मी मोजणीवर अवलंबून नव्हतो.

विरार_फास्ट
काका पण सहावीतल्या मुलाला ०.०५२ चा अंदाज घ्यायला सांगितला तर ते त्याला शून्यच धरेल. जवळची पूर्ण संख्या शून्य ना. मग उत्तर शून्य, अंदाजाचा उपयोग काय?

शिवडीकर
चांगला मुद्दा काढलास. पूर्ण संख्येला नाही न्यायचं. शून्य सोडून पहिला जो अंक आहे तो ठेवायचा आणि पुढचं गोल करायचं. ०.०५२ चं ०.०५, ०.४८ चं ०.५. ५ × ५ = २५, तीन स्थळं, ०.०२५.

फळा_खडू
आता बघा शिवडीकर साहेब, ०.०५ × ०.५ चा पॉइंट ठेवायला तुम्हीसुद्धा तीन स्थळं मोजलीतच. लहान संख्या दोन्हीकडे आल्या की अंदाजालाही मोजणी लागते. एक संख्या एकच्या आसपास असेल किंवा अर्धा, पाव अशी ओळखीची असेल तर अंदाज सुंदर चालतो, ०.००७ × ०.०३ ला मुलाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. तिथे मी तरी मोजणीच करायला सांगेन, सात त्रिक २१, पाच स्थळं, पुढे तीन शून्य भरून ०.०००२१.

शिवडीकर
अर्धं मान्य. पण ०.००७ चा शंभरावा भाग घे आणि त्याची तिप्पट कर, असं सांगितलं तर मूल करतं. ०.००००७, तिप्पट ०.०००२१. यात मोजणी आहे हे खरं, पण ती कळून केलेली आहे.

मंगळदास_गल्ली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. मी शिवणकाम करते, अस्तराचं कापड मंगळदास मार्केटमधून आणते. परवा २.३५ मीटर घेतलं, भाव ८४.५० रुपये मीटर. स्थळं दोन आणि दोन चार व्हायला हवीत, पण बिलावर १९८.५८ आलंय. मी हाताने केलं तर १९८.५७५० येतंय. म्हणजे दुकानदाराने शून्य काढला तरी १९८.५७५ राहतं, मग ५८ कुठून आलं? मला वाटतं तोही मुलीसारखंच काहीतरी खोडतोय.

फळा_खडू
ताई तुमचा गुणाकार अगदी बरोबर आहे. २३५ × ८४५० = १९८५७५०, चार स्थळं, १९८.५७५०. शेवटचा शून्य काढला की १९८.५७५, इथपर्यंत उत्तराची किंमत बदलत नाही. पुढे पैसे दोनच स्थळांचे असतात म्हणून तिसऱ्या स्थळावरचा ५ बघून पैसे एकने वाढवलेत, १९८.५८. हे शून्य खोडणं नव्हे, इथे किंमत खरोखर अर्ध्या पैशाने बदललीये. दुकानदाराची काही चूक नाही. मुलांच्या वर्कशीटमध्ये "दोन दशांश स्थळांपर्यंत" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर असं करायचं नाही, १९८.५७५ च लिहायचं.

मंगळदास_गल्ली
अच्छा. म्हणजे गिऱ्हाइकाकडून घेताना मी १९९ धरते ते पण गोल करणंच. कळलं.

गिरगाव_नाका
वर मी पॉइंटखाली पॉइंट म्हणालो ते काहींना पटलं नाही, पण ०.१२५ आणि ०.८०० असं शून्य भरून घेतलं आणि स्थळं तीन अधिक तीन सहा मोजली तरी उत्तर येतंच की. १२५ × ८०० = १०००००, सहा स्थळं, ०.१०००००.

फळा_खडू
येतं, मोजली तर. पॉइंट सरळ खाली उतरवला तर १००.००० येतं. मांडणी कशीही करा, गुणाकारात रेषेत असण्याचा पॉइंटच्या जागेशी संबंध नाही. शून्य भरल्याने फक्त काम वाढतं.

मुलुंड_वेस्ट
अपडेट देते. मुलीला वरचं १००० भागिले १०००० वालं दाखवलं, तिने लगेच ओळखलं की मी वरचे काढले आणि खालचे काढले नाहीत, आणि मग स्वतःच १.२ × ०.३५ दुरुस्त केलं. वर्कशीटवर मी दोन उत्तरांपुढे कीमध्ये चूक आहे असं लिहून त्यांचे गुणाकार मांडून पाठवले. क्लासच्या बाईंनी दोन्ही मान्य केले, ग्रुपवर सुधारलेली उत्तरंही टाकली.

पण आता नवीन सुरू झालंय. मुलीने यावेळी घाबरून शून्य ठेवले, ०.४२० आणि ०.०३० असंच लिहिलं, आणि बाईंनी अर्धा अर्धा मार्क कापला. किंमत तीच आहे ना, मग कापायचा का?

विरार_फास्ट
कापू नये. ०.४२० आणि ०.४२ सारखेच.

शिवडीकर
उलट आमच्या ड्रॉइंगवर ०.४२० लिहिलं तर त्याचा अर्थ तिसऱ्या स्थळापर्यंत मोजलंय असा घेतला जायचा, ०.४२ म्हणजे दुसऱ्यापर्यंत. मोजमाप असेल तर शून्य खोडणंच चूक. शून्य ठेवल्याबद्दल मार्क कापणं मला तरी पटत नाही.

फळा_खडू
वर्कशीटमधल्या संख्या मोजलेल्या नाहीत, दिलेल्या आहेत, त्यामुळे तिथे तो अर्थ लागत नाही. "सर्वात सोप्या रूपात लिहा" असं प्रश्नात असेल तर ०.४२ च हवं आणि अर्धा मार्क जाऊ शकतो. तसं लिहिलेलं नसेल तर मी पूर्ण मार्क दिले असते, कारण शून्य ठेवलेल्या उत्तरात तिने तीन स्थळं मोजली हे मला दिसतं. पण माझ्याच शाळेत शेजारच्या वर्गावरच्या बाई कापायच्या, आणि आमचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

मुलुंड_वेस्ट
वर्कशीटवर "सोप्या रूपात" वगैरे काही लिहिलेलं नाही, आत्ता बघितलं. बाईंना सोमवारी विचारते. तोपर्यंत मुलीला काय सांगू, दोन्ही लिहू दे का, ०.४२० = ०.४२ असं?

फळा_खडू
हो, दोन्ही लिहू दे. मधे बरोबरचं चिन्ह टाकायला सांगा.